जंबो फ्रेम : स्टोरेज नेटवर्कमधील आकाराची एकवाक्यता

इथरनेटच्या एका फ्रेममधून साधारणपणे जास्तीत जास्त १५०० बाइट माहिती जाते. याहून मोठा मजकूर वाहून नेणाऱ्या फ्रेमला जंबो फ्रेम म्हणतात. व्यवहारात हा आकडा बहुतेक ठिकाणी ९००० बाइटांचा असतो. एका फ्रेममध्ये मावणाऱ्या मजकुराच्या या कमाल मापाला एमटीयू म्हणतात. सर्व्हर आणि डिस्क-साठा यांच्यात सतत मोठमोठे डेटा-ब्लॉक ये-जा करत असतात, म्हणून आयस्कझी किंवा एनएफएस चालवणाऱ्या स्टोरेज नेटवर्कवर जंबो फ्रेम वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे. मात्र वाटेतला प्रत्येक स्विच-पोर्ट आणि दोन्ही टोकांचे होस्ट यांच्यात मापाबद्दल एकवाक्यता असेल, तरच तिचा उपयोग होतो. एक पोर्ट जरी मागे राहिला तरी वेग वाढण्याऐवजी काम अडते, आणि ते अशा रीतीने अडते की दोष नेटवर्कचा आहे हे पटकन ध्यानातही येत नाही.

फायदा नेमका किती, हे आधी मोजून पाहावे. प्रत्येक फ्रेममागे हेडर, तपासणीचे बाइट, सुरुवातीची खूण आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा मिळून ३८ बाइट खर्च होतात. त्यात आयपी आणि टीसीपीच्या हेडरांचे किमान ४० बाइट धरले, तर १५०० च्या मापाला तारेवरच्या दर १५३८ बाइटांमागे १४६० बाइट कामाचे उरतात, म्हणजे सुमारे ९५ टक्के. ९००० च्या मापाला हे प्रमाण ९९ टक्क्यांवर जाते. तारेवरची बचत एवढीच, चार टक्क्यांच्या आसपास. खरा फरक पडतो तो फ्रेमच्या संख्येत. दहा गिगाबिटची लिंक पूर्ण भरून वाहत असेल तर १५०० च्या मापाने सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार फ्रेम हाताळाव्या लागतात, ९००० च्या मापाने सुमारे १ लाख ३८ हजार. प्रत्येक फ्रेममागचे प्रोसेसरचे काम तेवढ्या पटीने घटते. आजची नेटवर्क कार्डे पॅकेट कापण्याचे आणि जोडण्याचे बरेचसे काम स्वतःच करतात, त्यामुळे हा लाभही पूर्वीइतका ठळक राहिलेला नाही. मोठ्या, सलग वाचन-लेखनात तो दिसतो. चार-चार किलोबाइटांच्या विखुरलेल्या वाचनात जेमतेम जाणवतो. म्हणून एवढ्याशा लाभासाठी काय पणाला लागते, हे नीट समजून घ्यायला हवे.

इथरनेटच्या पातळीवर मापाची बोलणी करण्याची कोणतीही सोय नाही, हे या साऱ्याचे मूळ आहे. तार जोडली की दोन पोर्ट वेग आपापसात ठरवून घेतात, पण ‘मला एवढी मोठी फ्रेम चालेल’ असे एक पोर्ट दुसऱ्याला सांगत नाही. ९००० बाइटांची फ्रेम आयईईईच्या ८०२.३ मानकात कधी आलीच नाही. २००६ च्या सुधारणेत पूर्ण फ्रेमची मर्यादा वाढली ती फक्त २००० बाइटांपर्यंत, आणि तीही मजकुरासाठी नसून जादा हेडरांसाठी. म्हणून जंबो हा उत्पादकांनी रूढ केलेला संकेत आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे जुळवणारा माणूसच पाहतो.

राउटर आणि स्विच यांतला फरक इथे निर्णायक ठरतो. पुढच्या लिंकवर न मावणारे पॅकेट राउटरकडे आले आणि त्यावर ‘तुकडे करू नका’ अशी खूण असली, तर राउटर ते टाकतो, पण पाठवणाऱ्याला आयसीएमपी संदेशाने तसे कळवतोही. पाठवणारा मग आकार कमी करतो. स्विच आयपी वाचत नाही. मापाबाहेरची फ्रेम आली की तो ती टाकून देतो, आपल्या एका गणकात एकाची भर घालतो आणि गप्प बसतो.

दोन टोकांमध्ये मात्र थोडी बोलणी होते, आणि तिच्यामुळेच फसगत वाढते. टीसीपी जोडणी सुरू होताना दोन्ही बाजू आपल्याला किती मोठा तुकडा चालेल ते सांगतात. एक होस्ट ९००० वर आणि दुसरा १५०० वर असला, तर ९००० वाला समोरच्याचे १४६० हे उत्तर ऐकून तेवढेच तुकडे पाठवतो. काम सुरळीत चालते, फक्त जंबोचा लाभ मिळत नाही. म्हणजे टोकांचे माप जुळले नाही तर टीसीपी सांभाळून घेते. पण टोके जुळली आणि मधला स्विच जुळला नाही, तर सांभाळणारे कोणीच उरत नाही, कारण स्विच त्या बोलणीत नसतोच.

हेच एका उदाहरणात जवळून पाहू. लिनक्सचा एक सर्व्हर 10.20.0.11 वर आणि आयस्कझी स्टोरेज 10.20.0.50 वर आहे. दोघांचा एमटीयू ९०००. सर्व्हर एका स्विचला, स्टोरेज दुसऱ्या स्विचला जोडलेले, आणि त्यांचे पोर्टही ९००० वर नेलेले. दोन स्विचांना जोडणारा ट्रंक मात्र १५०० वरच राहून गेला आहे. सर्व्हरवरून साधा `ping` जातो. ३२६० पोर्टवर जोडणी होते, लॉगिन होते, कारण ते संदेश लहान असतात. डिस्क कोणती आणि केवढी, या प्रश्नांची उत्तरेही काही डझन बाइटांची. त्यामुळे डिस्क दिसू लागते, तिचा आकारही बरोबर दिसतो. मग सर्व्हर पार्टिशनचा तक्ता वाचण्यासाठी पहिले ४०९६ बाइट मागतो. स्टोरेजचे उत्तर आयस्कझी, टीसीपी आणि आयपीच्या हेडरांसकट ४१०० बाइटांच्या वर जाते आणि ते एकाच फ्रेममध्ये निघते. ट्रंकवर ती फ्रेम संपते. पोचपावती आली नाही म्हणून स्टोरेज तीच फ्रेम तेवढ्याच आकारात पुन्हा पाठवते, मग दुप्पट वेळ थांबून पुन्हा. ती दर वेळी तिथेच टाकली जाते.

इकडे पाच सेकंद काहीच आले नाही म्हणून सर्व्हर जोडणी जिवंत आहे का ते विचारतो. स्टोरेजचे छोटे उत्तर तारेवरून सुखरूप पोहोचते. पण टीसीपी माहिती क्रमानेच वर देते, आणि या उत्तराच्या आधीचा मोठा तुकडा अजून आलेलाच नाही. उत्तर रांगेत अडकून पडते. आणखी पाच सेकंदांनी सर्व्हरच्या लॉगमध्ये `ping timeout of 5 secs expired` अशी ओळ येते, जोडणी तोडली जाते, पुन्हा लॉगिन होते आणि तेच वाचन पुन्हा मागितले जाते. सुमारे दहा सेकंदांच्या या फेऱ्यात ‘जोडणी यशस्वी’ आणि ‘जोडणी तुटली’ हे आलटून पालटून दिसते. पाहणाऱ्याला वाटते की स्टोरेज आजारी आहे किंवा तार सैल आहे. लहान गोष्टी चालतात आणि मोठ्या अडतात, ही ओळखीची खूण तेव्हाच दिसते जेव्हा कोणी ती शोधायला जाते.

तपासणीसाठी `ping` च पुरतो, पण योग्य आकाराचा आणि तुकडे न करण्याच्या अटीसह:

```
ping -M do -s 8972 10.20.0.50
ping -M do -s 1472 10.20.0.50
```

८९७२ मध्ये आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की ९००० होतात. `-M do` गाळले तर मोठे पॅकेट वाटेत न अडणाऱ्या लहान तुकड्यांत फुटून जाऊ शकते आणि सारे ठीक असल्याचा खोटा दाखला मिळतो. निकाल वाचण्याचीही रीत आहे. `message too long, mtu=1500` असे लगेच दिसले, तर माप आपल्याच इंटरफेसवर कमी आहे; पॅकेट बाहेर पडलेच नाही. ८९७२ ला नुसती शांतता आणि १४७२ ला उत्तर मिळाले, तर माल वाटेत किंवा समोरच्या टोकाला गळतो आहे. मग प्रत्येक पोर्टचे गणक पाहायचे. `giants`, `oversize` किंवा नुसते टाकलेल्या फ्रेमचे, कोणत्याही नावाने असले तरी जो गणक आपल्या `ping` बरोबर वाढतो, त्याचा पोर्ट दोषी. तपासणी दोन्ही टोकांकडून करावी. काही स्विच फ्रेम आत येताना मोजतात, काही बाहेर जाताना, म्हणून वाचन चालते आणि लेखन अडते असेही घडते.

याहून चिवट प्रसंग जोडलिंकांचा. दोन स्विचांमध्ये चार तारा एकत्र बांधल्या असतील आणि त्यांतल्या एकीचेच माप चुकले असेल, तर पत्ते आणि पोर्ट-क्रमांक यांवरून ज्या जोडण्या त्या तारेच्या वाट्याला येतात तेवढ्याच अडतात. `ping` कदाचित दुसऱ्याच तारेवरून जातो आणि निर्दोष ठरतो. अशा ठिकाणी चाचणीवर न विसंबता प्रत्येक सदस्य-पोर्टचे माप प्रत्यक्ष वाचून घ्यावे. दुहेरी मार्गांच्या रचनेत राखीव मार्गाचे माप चुकलेले असले, तर ते मुख्य मार्ग बंद पडेपर्यंत कळतच नाही, आणि कळते ते नेमके त्या वेळी. आभासी सर्व्हर असतील तर यजमान यंत्राच्या आतला आभासी स्विचही या साखळीतलीच एक कडी आहे.

एकवाक्यता म्हणजे सर्वत्र एकच आकडा टंकणे नव्हे. होस्टवरचे ९००० हे फक्त मजकुराचे माप असते. हेडर आणि तपासणीचे १८ बाइट त्यावर येतात, व्हीलॅनची खूण असली तर आणखी ४. काही स्विच आपल्या आकड्यात हे सारे धरतात, काही धरत नाहीत. पूर्ण फ्रेम मोजणाऱ्या स्विचवर ९००० लिहिले, तर ८९५४ चा `ping` जातो आणि ८९७२ चा अडतो. एवढ्याशा फरकाने जोडणी वरीलप्रमाणेच लटकते. यासाठी स्विचवर बहुधा ९२१६ ठेवतात. स्विचचे माप होस्टपेक्षा मोठे असण्याने काही बिघडत नाही. ते लहान नसावे, एवढीच अट. होस्ट आणि स्टोरेज यांचे माप मात्र एकमेकांशी तंतोतंत जुळावे, कारण टीसीपीशिवाय चालणाऱ्या वाहतुकीत ती बोलणी नसते.

बदलाचा क्रमही यावरूनच ठरतो. आधी सर्व स्विच आणि ट्रंक मोठ्या मापावर न्यावेत. होस्ट १५०० वर असेपर्यंत कोणाला काही कळणारही नाही. मग स्टोरेज, आणि शेवटी एकेक होस्ट, प्रत्येकाला ८९७२ ची चाचणी घेऊन. माघार घ्यायची झाली तर उलट्या क्रमाने, होस्ट आधी आणि स्विच सर्वांत शेवटी. होस्टचे माप कायमस्वरूपी सेटिंगमध्ये लिहिले आहे ना, तेही पाहावे. नुसत्या आज्ञेने दिलेले माप पुढच्या रीस्टार्टला १५०० वर परत येते. तेव्हा टीसीपी सांभाळून घेते, म्हणून काहीच अडत नाही, आणि जंबोचा लाभ गेलेला महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.