मानेच्या शिरा फुगल्या, पण फुप्फुसं कोरडी: उजव्या कप्प्याचा झटका

छातीत दुखायला लागलं की जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवायची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण एका प्रकारच्या हृदयविकाराच्या झटक्यात हीच गोळी पाच मिनिटांत रक्तदाब पाडू शकते.

एक नमुना रुग्ण घेऊ. वय साठच्या आसपास, छातीत कळ, दरदरून घाम, मळमळ. रक्तदाब 100/70, नाडी 56. ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड्समध्ये एसटी रेषा वर उचललेली, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. त्यातही तीनमधली रेषा दोनपेक्षा जास्त उचललेली. अशा वेळी हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी उजवी रोहिणी बंद असण्याची शक्यता मोठी असते. ती उगमाजवळच बंद झाली असेल, तर खालच्या भिंतीबरोबर उजवी जवनिकाही, म्हणजे उजवा खालचा कप्पाही, झटक्यात सापडते.

या कप्प्याची भिंत जेमतेम 3 ते 5 मिलिमीटर जाडीची. त्याला रक्त फक्त फुप्फुसांत ढकलायचं असतं आणि त्यासाठी सुमारे 25 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पुरतो. डावी जवनिका 120 चा दाब निर्माण करते, पण उजवीकडून फुप्फुसांमार्गे जेवढं रक्त येईल तेवढंच ती पुढे पाठवू शकते. उजवी जवनिका लुळी पडली की रक्त पुढे सरकतं ते मुख्यतः मागच्या शिरांमधल्या दाबावर. म्हणून तो दाब वाढतो आणि मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतात.

घोटाळा इथेच होतो. फुगलेल्या शिरा म्हणजे हृदयावर पाण्याचा भार, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे त्या शिरांमधला दाब हाच रक्ताला पुढे रेटणारा उरलासुरला जोर आहे.

आता नायट्रेट दिलं, समजा. शरीरातलं सुमारे दोन-तृतीयांश रक्त शिरांमध्ये असतं आणि नायट्रेट प्रामुख्याने शिराच सैल करतं. रक्त तेवढंच, पण जागा वाढली, म्हणून शिरांमधला दाब उतरतो, डावी जवनिका रिकामी राहते आणि 100 चा रक्तदाब 65 वर येतो. दाब पडला की हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांतलं रक्तही घटतं, मग दुखावलेला स्नायू आणखी मंदावतो. अशा प्रत्येक रुग्णाचा दाब पडतोच असं नाही. अलीकडच्या काही अभ्यासांत हा धोका समजला जातो त्यापेक्षा कमी दिसला आहे. पण दाब आधीच कमी असताना ही जोखीम घेण्यात शहाणपण नाही. गोळीने वेदना कमी होईलही, बंद रोहिणी काही उघडत नाही.

मानेकडे पाहून कुणी लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड टोचलं, तर नुकसान जास्त लांबतं. नायट्रोग्लिसरीनच्या जिभेखालच्या गोळीचा असर तासाभरात ओसरतो, पण लघवीवाटे गेलेलं पाणी परत भरावं लागतं. ही चूक टाळायला स्टेथोस्कोप पुरतो. डाव्या बाजूच्या अपयशात फुप्फुसांत पाणी साचून करकर ऐकू येते. इथे रक्तदाब कमी, मानेच्या शिरा फुगलेल्या आणि फुप्फुसं स्वच्छ.

खात्रीसाठी डावीकडची व्ही-4 लीड छातीच्या उजव्या बाजूला त्याच जागी लावायची: पाचव्या व सहाव्या बरगडीमधल्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. तिथे एसटी एक मिलिमीटर किंवा जास्त उचललेली असेल तर उजव्या जवनिकेलाही झटका बसला आहे असं समजायचं. ही खूण अनेकांत काही तासांतच पुसली जाते, म्हणून पहिल्या ईसीजीबरोबरच हे करावं. नेहमीच्या बारा लीड्स मुख्यतः डाव्या बाजूचंच चित्र देतात.

उपचाराचा तर्क नायट्रेट आणि फ्युरोसेमाइडच्या नेमका उलट. नायट्रेट थांबवायचं, रुग्णाला आडवं करून पाय उंच करायचे आणि 250 मिलिलिटर नॉर्मल सलाइन 10 ते 15 मिनिटांत शिरेतून द्यायचं. शिरा भरल्या की दाब वाढतो आणि डाव्या बाजूला रक्त पोहोचू लागतं. मग पुन्हा रक्तदाब घ्यायचा, फुप्फुसं ऐकायची. दाब सुधारत असेल आणि फुप्फुसं स्वच्छ असतील तर आणखी 250.

पण सलाइनलाही मर्यादा आहे. अर्धा ते एक लिटर देऊनही दाब हलत नसेल तर आणखी ओतू नये. हृदयाभोवतीचं आवरण फारसं ताणलं जात नाही. उजवा कप्पा जास्त फुगला की मधला पडदा डावीकडे सरकतो आणि डाव्या कप्प्याची जागाच खातो. मग जास्त पाण्यानेच रक्तदाब घसरतो. त्या टप्प्यावर डोब्युटामिनसारखं आकुंचन वाढवणारं औषध लागतं. नाडी फार मंदावली असेल तर अॅट्रोपिन, तेवढ्याने भागलं नाही तर पेसमेकर.

हे सगळं बंद रोहिणी अँजिओप्लास्टीने उघडेपर्यंतचं काम. ती वेळेत उघडली तर उजवी जवनिका अनेकदा काही दिवसांत बऱ्यापैकी सावरते. पातळ भिंतीला प्राणवायू कमी लागतो आणि डाव्या बाजूच्या शाखांकडूनही तिला थोडं रक्त मिळत राहतं, त्यामुळे तिथला बराचसा स्नायू मेलेला नसून नुसता बधिर झालेला असतो.