सीआयएफ न्हावा शेवा म्हणजे तिथपर्यंत रिस्क सप्लायरची?

"दादा, चीनहून माल सीआयएफ न्हावा शेवा मागवलाय, म्हणजे पोर्टला येईपर्यंत काय झालं तर सप्लायर भरणार ना?"

नाही हो, आणि याच गैरसमजात छोटे व्यापारी अडकतात. सीआयएफमधे सप्लायर न्हावा शेवापर्यंतचं भाडं आणि इन्शुरन्स भरतो एवढंच, रिस्क मात्र तिकडे चीनच्या निंगबो पोर्टला माल जहाजावर चढला की तुमची. खर्च एका पोर्टला संपतो, रिस्क दुसऱ्याच पोर्टला, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

समजा १० लाखांचे हँड टूल्स आहेत, वाटेत कंटेनरमधे समुद्राचं पाणी शिरलं आणि सगळं गंजलं. सप्लायरला पूर्ण पैसे द्यावेच लागणार, क्लेम तुम्हीच करायचा, आणि पॉलिसी ११ लाखांची असली तरी सीआयएफमधे सप्लायरवर बंधन फक्त क्लॉज सी या सगळ्यात कमी कव्हरचं असतं, त्यात असं नुसतं पाणी शिरणं किंवा चोरी बसत नाही. म्हणून पीओमधेच "इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए" लिहून घ्या, प्रीमियम थोडा वाढेल पण वाढू दे. रिस्क खरंच सप्लायरवर हवी असेल तर डीएपी न्हावा शेवा मागा, कस्टम ड्युटी तेव्हाही तुमचीच.