लघवी थांबवून ठेवायची की करून यायचं?

आमच्या लातूरच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये सकाळी बाकड्यावर बसलेल्या बायकांमध्ये एखादी हमखास अशी असते, जिला लघवी इतकी दाटून आलेली असते की धड बसवत नाही. तिच्या शेजारी दुसरी असते, ती नुकतीच लघवी करून आलेली आणि आता पुन्हा पाणी प्यावं लागणार म्हणून रडकुंडीला आलेली. दोघींचीही तपासणी ओटीपोटाचीच असते. फरक एवढाच की एकीची पोटावरून व्हायची असते आणि दुसरीची आतून, म्हणजे योनिमार्गातून. पण हे त्यांना आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं.

मागच्या वर्षी औसा तालुक्यातल्या एका गावातून 36 वर्षांच्या ताई आल्या होत्या, सोबत जाऊ. नऊ महिन्यांपासून पाळीत खूप रक्त जायचं, मधूनच डागही पडायचे. हिमोग्लोबिन 8 वर आलं होतं. आधी एकदा पोटावरून सोनोग्राफी झाली होती आणि त्यात पिशवीला 3 सेंटिमीटरची गाठ दिसली होती. ‘गाठ आहे म्हणल्यावर पिशवी काढूनच टाका’ असं गावात दोघी-तिघींनी सांगितलेलं. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र घाई न करता चिठ्ठीवर टीव्हीएस लिहिलं, म्हणजे आतून सोनोग्राफी. त्या चिठ्ठीनेच ताईंची झोप उडाली होती.

“मॅडम, आतून म्हंजे कसं? मला लई भ्या वाटायलंय,” हे त्यांचं पहिलं वाक्य.

मी त्यांना आधी पाण्याचं गणित सांगितलं, कारण ते कळलं की बाकीचं सोपं होतं. सोनोग्राफीत प्रोबमधून, म्हणजे अंगाला टेकवतात त्या दांडीसारख्या यंत्रातून, आवाजाच्या लाटा आत जातात आणि अवयवांवर आदळून परत येतात. त्या परतीच्या लाटांचं चित्र पडद्यावर उमटतं. हा आवाज कानाला ऐकू येत नाही आणि त्यात एक्स-रेसारखे किरण नसतात. या लाटांची मोठी अडचण म्हणजे हवा. हवा लागली की लाट तिथूनच माघारी फिरते. पोटावर थंडगार जेल लावतात ते कातडी आणि प्रोब यांच्यामधली हवा काढायलाच. पण आतड्यातल्या वायूचं काय? गर्भपिशवी ओटीपोटात खोल बसलेली असते आणि तिच्यावर आतड्याची वेटोळी पसरलेली असतात. मूत्राशय भरलं की ते फुगून आतड्यांना वर सारतं आणि लाटांना लघवीतून सरळ वाट मिळते. पाण्यातून लाटा फारशा अडखळत नाहीत. भरलेलं मूत्राशय म्हणजे पिशवीकडे बघायची खिडकीच.

म्हणून पोटावरून तपासणी असेल तर वेळेच्या तासभर आधी साधारण तीन-चार ग्लास पाणी प्यायचं आणि लघवी थांबवून ठेवायची. गावाकडून एसटीने येणाऱ्या बायका घरूनच पिऊन निघतात आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या लघवीला जावं लागतं. मग सगळी मेहनत वाया. त्यापेक्षा सेंटरवर पोहोचून, आपला नंबर किती वेळाने आहे हे विचारून मग पाणी प्या. आणि फार दाबून ठेवण्यातही फायदा नाही. मूत्राशय अति भरलं तर ते पिशवीला मागे ढकलतं, चित्र दूर जातं, शिवाय प्रोब दाबला की कळ येते. असह्य झालं तर काउंटरवर सांगा. थोडी लघवी करून या म्हणून आम्हीच सांगतो. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असून पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

उपाशी राहायची गरज नसते. ‘पूर्ण पोटाची’ असं लिहिलं असेल तर पित्ताशय बघायला काही तास उपाशी यावं लागतं, आणि या दोन गोष्टींची गल्लत होऊन कित्येक बायका बिनकामाच्या उपाशी येतात. शुगरची गोळी घेणारीला तर हे फार जड जातं.

आता आतून कशाला? पोटावरचा प्रोब सेकंदाला साधारण 35 लाख कंपनांच्या लाटा सोडतो, आतला प्रोब 70 लाखांच्या आसपास. वरातीतल्या ढोलाचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू येतो, पण सनईतल्या बारीक जागा ऐकायच्या तर जवळच जावं लागतं. तसंच हे. जास्त कंपनांच्या लाटा बारीक तपशील दाखवतात, पण लवकर विरतात, लांब पोहोचत नाहीत. योनिमार्गातला प्रोब पिशवीच्या अगदी शेजारी असतो, म्हणून तिथे त्या चालतात. मध्ये चरबीचा थर नाही, आतड्यांचा अडथळाही फारसा नाही. म्हणून या वेळी मूत्राशय रिकामं हवं, नाहीतर तेच पिशवीला लांब ढकलतं. पण याला मर्यादाही आहे. बेंबीपर्यंत आलेली मोठी गाठ आतून पूर्ण दिसत नाही, ती पोटावरूनच मोजावी लागते. म्हणून पुष्कळदा दोन्ही करतात, आधी भरल्या मूत्राशयाने पोटावरून, मग लघवी करून येऊन आतून.

ताईंचं तसंच ठरलं. पोटावरून पाहताना त्यांची पिशवी मागच्या बाजूला झुकलेली दिसली. कितीतरी बायकांची अशी असते, तो आजार नव्हे. पण त्यामुळे पिशवीचं टोक पोटापासून दूर जातं आणि आतलं अस्तर अंधुक दिसतं. गाठ दिसली, अस्तराचं मात्र काही सांगता येईना.

लघवी करून आल्यावर मी त्यांना प्रोब हातात दिला. तो लांब असतो आणि बघूनच धस्स होतं. पण त्यातला बराच भाग हाताने धरायचा असतो. आत जातो तो साधारण 6 ते 8 सेंटिमीटर, आणि जाडी दोन-अडीच सेंटिमीटर. आधी तो जंतुनाशकाने स्वच्छ केलेला असतो आणि प्रत्येक बाईसाठी त्यावर नवीन कंडोम चढवतात, आत-बाहेर जेल लावून. पाकीट समोर फोडायला सांगा, यात संकोच करण्यासारखं काही नाही. रबराची ॲलर्जी असेल तर आधीच सांगून टाका.

साडी सोडावी लागत नाही. आतला कपडा काढून साडी कमरेपर्यंत वर घ्यायची, अंगावर चादर असते, गुडघे दुमडून पाय थोडे लांब ठेवायचे. कमरेखाली उशी देतात. खोलीत एक बाई मदतनीस हवीच, विशेषतः तपासणारे पुरुष डॉक्टर असतील तेव्हा. नसेल तर बोलावून घ्यायला सांगा. ताईंना मी विचारलं, “तुम्ही स्वतः आत घालता का?” त्यांनी होकारार्थी मान हलवली. स्वतःच्या हाताने घातला तर अंग कमी आकसतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. तोंडाने सावकाश श्वास सोडत राहायचं. दाब जाणवतो. प्रोब डावीकडे-उजवीकडे फिरवताना, अंडाशय शोधताना तो जरा वाढतो. पाच-दहा मिनिटांचं काम. नको वाटलं तर ‘थांबा’ म्हणा, थांबावंच लागतं.

टोचल्यासारखं, एकाच जागी दुखलं तर सहन करून गप्प बसू नका. नेमकं कुठे दुखतं हीसुद्धा माहितीच असते. पिशवीच्या मागे दाबल्यावर दुखलं आणि पिशवी व मागचं आतडं एकमेकांवरून नीट सरकत नसतील, तर एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याच्या आजाराची, शंका येते. ते केवळ पडद्याकडे बघून नव्हे, तुमच्या ‘आई गं’ वरूनही कळतं.

एक प्रश्न आम्ही सगळ्यांनाच विचारतो आणि तो अवघड जातो: शरीरसंबंध आले आहेत का? लग्न झालंय का असं आडून विचारलं जातं, पण हवं असतं खरं उत्तर. संबंध आले नसतील तर ही तपासणी सहसा करत नाही, पोटावरूनच भागवतो. सोबतच्या माणसांसमोर बोलता येत नसेल तर त्यांना बाहेर बसायला सांगायची विनंती करा. पाळी चालू असली तरी तपासणी करता येते. भिंतीवरची गर्भलिंग निदानाची पाटी 1994 च्या कायद्याने प्रत्येक सेंटरला लावावीच लागते. ती पाहून काहीजणी बिचकतात, पण तिचा या तपासणीशी संबंध नाही.

ताईंची पाळी सुरू होऊन आठ दिवस झाले होते. हा दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मुद्दाम निवडला होता. पाळीनंतर अस्तर पातळ असतं, त्यामुळे त्यात काही वेगळं असेल तर उठून दिसतं. त्यांची आधीची सोनोग्राफी चोविसाव्या दिवशी झाली होती. त्यात अस्तर 15 मिलिमीटर लिहिलं होतं, जे त्या दिवसांत नेहमीचंच, पण जाड अस्तरात लहान गोष्ट लपून जाते. आज अस्तर जेमतेम 5 मिलिमीटर होतं आणि त्यात 12 मिलिमीटरचा एक पांढरट, गोलसर कोंब दिसत होता. रक्तप्रवाह दाखवणारा कलर डॉप्लर लावला तर त्यात एकच रक्तवाहिनी शिरत होती. हा पॉलिप, म्हणजे अस्तराचाच वाढलेला कोंब. गाठ होती ती मागच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, अस्तराला कुठेही न टेकलेली. एवढं रक्त त्या गाठीमुळे जात असण्याची शक्यता फार कमी होती.

हे फक्त रिपोर्टपुरतं नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. ‘पिशवीला सूज’, ‘गाठ’, ‘फोड’ हे शब्द ऐकून शस्त्रक्रियेला तयार झालेल्या बाया मी अजूनही पाहते. पिशवी जरा मोठी असणं दोन-तीन बाळंतपणांनंतर नेहमीचं असतं. पिशवीच्या तोंडावरचे पाण्याचे बारीक फोड बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. आणि सोनोग्राफी ऊतीचा प्रकार सांगू शकत नाही. पॉलिप साधा आहे की नाही हे बायोप्सीच, म्हणजे काढलेल्या तुकड्याची तपासणीच सांगते. पिशवीच्या तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर तर सोनोग्राफीत दिसतही नाही, त्यासाठी तोंडाच्या पेशींची पॅप किंवा विषाणू शोधणारी एचपीव्ही तपासणी लागते.

तपासणीनंतर थोडा जेल बाहेर येतो, म्हणून पॅड जवळ असावं. एखादा डाग पडू शकतो. जास्त रक्त गेलं, ताप आला किंवा पोटात जोरात दुखू लागलं तर डॉक्टरांना दाखवा.

ताईंचा पॉलिप पिशवीच्या तोंडातून दुर्बीण घालून काढला, टाका नाही, पोटावर काप नाही. बायोप्सी साधी आली. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11 वर गेलं. 3 सेंटिमीटरची गाठ आहे तशीच आहे. वर्षाने ती वाढली का हे बघायला त्या येतील, तेव्हा आधी पोटावरून बघू. त्यांना मी चिठ्ठीवरच लिहून दिलं आहे: सेंटरवर पोहोचल्यावर चार ग्लास पाणी.