व्रताचं उद्यापन: आचार्यांच्या गोदानापासून आईच्या वाणापर्यंत

व्रत कितीही निष्ठेने केलं तरी उद्यापनाशिवाय ते निष्फळ, असं धर्मग्रंथ बजावतात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या हेमाद्रीने व्रतांचा मोठा संग्रह केला, तर 1736 सालच्या 'व्रतराज'मध्ये एकेका व्रताचा विधी कथेसह आला. या ग्रंथांतलं उद्यापन साधारणपणे खर्चिक असतं: कलशावर देवतेची सोन्याची प्रतिमा, रात्री जागरण, दुसऱ्या दिवशी होम आणि शेवटी आचार्यांना प्रतिमेसह गोदान. गरिबाला सवलत आहे, पण ऐपत असून हात आखडणाऱ्याला तंबीही आहे.

घरोघर वाचल्या जाणाऱ्या श्रावणातल्या कहाण्यांनी हे गणित बदललं. आदित्यराणूबाईच्या कहाणीत होम नाही की गाय नाही. गुळाच्या पोळ्या, बोटव्यांची खीर आणि लोणकढं तूप करायचं, मेहुण जेवायला सांगायचं. चिरचोळी द्यायची, ती नसेल तर गळेसरी, तीही नसेल तर दोन पैसे दक्षिणा. ही उतरती पायरी बायकांनी आपापल्या घरातली शिल्लक पाहूनच बसवली असावी, असं मला वाटतं. सोळा सोमवारच्या कहाणीत तर सतराव्या सोमवारी पाच शेर कणकेचा चुरमा पुरतो. त्याचे तीन भाग होतात: देवाचा, ब्राह्मणाचा किंवा गाईचा आणि घरच्यांचा.

दान कोणाला, याचं उत्तर सर्वांत वेगळं मिळतं ते मंगळागौरीत. लग्नानंतर पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी पूजा करायची, मग उद्यापन. कहाणीतल्या नवऱ्याचं आयुष्य कमी असतं. पहिल्या रात्री त्याला डसायला साप येतो. देवीने सांगितल्याप्रमाणे बायको त्याच्यापुढे दूध ठेवते, तो जवळच्या कऱ्यात शिरतो. ती अंगातल्या चोळीने कऱ्याचं तोंड बांधते आणि सकाळी तो वाण म्हणून आईला देते. आई उघडून पाहते तर आत हार! म्हणून उद्यापनाला तांब्यात सोन्याचा किंवा चांदीचा छोटा नाग घालून, वर खण ठेवून तो आईच्या हाती देतात. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही असं मानणाऱ्या घरांतही हे वाण चालतं. आई हयात नसेल तर मावशी किंवा काकू घेते.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन त्या मानाने अलीकडचं दिसतं, कारण त्यातली मुख्य भेटच छापील आहे. शेवटच्या गुरुवारी पाच किंवा सात सवाष्णी नाहीतर कुमारिका बोलावतात, हळदीकुंकू लावून फळ, दूध आणि व्रताची पोथी देतात. एकीचं उद्यापन झालं की पाच-सात घरांत पोथी पोहोचते, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या एखाद्या घरी कलश मांडला जातो. पोथ्या मात्र मार्गशीर्ष लागायच्या आतच घेऊन ठेवाव्यात, शेवटच्या आठवड्यात दुकानात हव्या तेवढ्या मिळतीलच असं नाही.