कलम ८०डीडी आणि आईवडिलांच्या पश्चातचा प्रश्न

घरात दिव्यांग मूल, भाऊ, बहीण, जोडीदार किंवा आईवडील अवलंबून असतील, तर प्राप्तिकरात ८०डीडी या कलमाखाली वजावट मिळते. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,००० रुपये. खर्चाची बिलं जोडावी लागत नाहीत आणि प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी वजावट पूर्ण मिळते. असं सरळ दिसणारं हे कलम आजच्या रूपात यायला तीन दशकं लागली. कागदपत्रांतल्या अटींचं मूळही त्या प्रवासातच आहे.

सुरुवातीला दोन वेगळी कलमं होती. एक होतं अवलंबिताच्या औषधोपचार आणि सांभाळाच्या खर्चासाठी. दुसरं १९९५ च्या वित्त कायद्याने आलं. त्यात पालकाने आपल्या पश्चात मुलाची सोय व्हावी म्हणून विमा महामंडळासारख्या संस्थेच्या योजनेत भरलेल्या पैशाला सवलत होती. आजचा खर्च आणि आपल्यानंतरची तरतूद या पालकाच्या दोन वेगळ्या काळज्या आहेत, हे तेव्हा कायद्याने ओळखलं होतं. १९९८ मध्ये दोन्ही एकत्र करून ४०,००० रुपयांचं एकच कलम झालं. २००३ च्या वित्त कायद्याने तीव्र अपंगत्वाचा वेगळा टप्पा आणला. मर्यादा साध्या अपंगत्वासाठी ५०,००० आणि तीव्रसाठी ७५,००० झाली. २००९ मध्ये तीव्र अपंगत्वाची रक्कम एक लाखावर गेली. २०१५ मध्ये आजचे आकडे आले आणि त्यानंतर ते वाढलेले नाहीत. फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, डायपर, सोबतीला ठेवलेल्या बाईचा पगार यांचे दर दहा वर्षांत कुठे गेले, हे अशा घरांना सांगायला नको. रक्कम तिथेच राहणं मला अन्यायाचं वाटतं.

या कलमातला सगळ्यात दुखरा भाग विम्याचा होता. वजावट हवी तर योजनेतले पैसे अवलंबिताला पालकाच्या मृत्यूनंतरच मिळाले पाहिजेत, अशी अट होती. विमा महामंडळाची ‘जीवन आधार’ पॉलिसी याच अटीवर बेतलेली होती. पालक गेल्यावर काही रक्कम एकदम आणि उरलेली हप्त्याने मुलाला मिळे. हे पैसे पालकाने स्वतःच वापरू नयेत, हा अटीमागचा विचार होता. पण माणसं ऐंशी-नव्वद वर्षं जगतात. वडील पंचाऐंशीचे, निवृत्तिवेतन तुटपुंजं, मुलगा पंचावन्नचा आणि त्याच्याच नावाने भरलेले पैसे वडील जिवंत आहेत म्हणून अडकलेले, अशी स्थिती होऊ शकत होती. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३ जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायालयाने याचिका मान्य केली नाही. मात्र या तरतुदीचा केंद्र सरकारने पुन्हा विचार करावा, असं सुचवलं. त्यानंतर २०२२ च्या वित्त कायद्याने बदल केला. पालकाचं वय ६० झालं आणि योजनेत पैसे भरणं थांबलं, तर त्याच्या हयातीतही अवलंबिताला रक्कम किंवा वर्षासन मिळू लागलं तरी वजावट टिकते. अवलंबित आधी गेला तर जमा रक्कम पालकाचं उत्पन्न धरली जाते, ही जुनी अट राहिली. मात्र साठीनंतर अवलंबिताला आधीच मिळालेल्या रकमेला ती लागू होत नाही.

आता कागदांकडे वळू. इथे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याची सावली आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या या कलमाची अपंगत्वाची व्याख्या त्या कायद्यावरून घेतली गेली. अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार हे तिचे मूळ प्रकार. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता हे तीन प्रकार १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यावरून जोडले गेले. म्हणून या तिघांसाठी अजून वेगळा रस्ता आहे. त्यांना फॉर्म १०-आयए लागतो. त्यावर न्यूरॉलॉजीतला एमडी, मुलांसाठी बालन्यूरॉलॉजिस्ट, किंवा सरकारी रुग्णालयातला सिव्हिल सर्जन वा मुख्य वैद्यकीय अधिकारी यांचा दाखला लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, तरी हे कलम जुन्या यादीशीच बांधलेलं राहिलं. थॅलेसेमिया किंवा अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र हातात असलं तरी करात दावा लावण्याआधी व्याख्या वाचून घ्या.

बाकीच्या प्रकारांना दिव्यांगत्व प्रमाणपत्र पुरतं. ते आता केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्रासोबत मिळतं. कार्डाचा रंगही बोलतो: ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. दावा कोणत्या रकमेचा करायचा ते यावरूनच कळतं. आकलन वर्ष २०२४-२५ पासून विवरणपत्रात ८०डीडीचं वेगळं परिशिष्ट आहे. त्यात अवलंबिताचं नातं, पॅन किंवा आधार, यूडीआयडी क्रमांक, आणि फॉर्म १०-आयए भरला असल्यास त्याची तारीख व पावती क्रमांक विचारतात. विवरणपत्र भरायला बसण्याआधी फॉर्म भरून पावती हाताशी ठेवा. मुलांची प्रमाणपत्रं बऱ्याचदा तात्पुरती असतात. मुदत संपली की पुढच्या वर्षापासून नवं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय वजावट नाही. याच कारणाने दावा नाकारला जाऊ शकतो. अवलंबिताने ८०यू खाली, म्हणजे दिव्यांग करदात्याला स्वतःसाठी मिळणारी वजावट घेतली असेल, तर कुटुंबाला ८०डीडी मिळत नाही.

२०२० मध्ये आलेल्या आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत मात्र ही वजावटच नाही. मग जुनी कधी परवडते? पुण्यात भाड्याने राहणारा, सांगलीच्या घराचं कर्ज फेडणारा एक बाप धरू. मुलगी ८५ टक्के दिव्यांग, २०२५-२६ चा पगार १८ लाख. नव्या प्रणालीत ७५,००० प्रमाणित वजावटीनंतर उपकरासह कर १,५०,८०० रुपये. जुन्या प्रणालीत प्रमाणित ५०,०००, ८०सी १,५०,०००, आरोग्यविमा २५,०००, व्याज २,००,००० आणि घरभाडे सूट २,५०,००० वजा केल्यावर कर १,५६,००० येतो, म्हणजे नवी बरी. त्यात ८०डीडीचे १,२५,००० घातले की कर १,१७,००० होतो आणि जुनी ३३,८०० रुपयांनी स्वस्त पडते. याच बापाला घरभाडे सूट नसती, तर मात्र १,२५,००० धरूनही नवीच स्वस्त पडली असती. पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर नव्या प्रणालीत कर शून्य असतो आणि ८०डीडीचा प्रश्नच राहत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनचा नवा प्राप्तिकर कायदा २०२५ कलमांचे क्रमांक बदलतो, पण वजावटीच्या रकमा त्याच आहेत.

करप्रणाली कोणतीही असो, महाराष्ट्रात एक सवलत राहतेच. राज्याच्या व्यवसाय कर कायद्यात दिव्यांग मुलाच्या किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या आईवडिलांना व पालकांना व्यवसाय करातून सूट आहे. वर्षाला २,५०० रुपये ही लहान रक्कम आहे, पण ती पगारातून कापली जाते आणि मागितल्याशिवाय कोणी थांबवत नाही. प्रमाणपत्राची प्रत जोडून कंपनीच्या पगार विभागाला अर्ज द्यायचा आणि पुढच्या पगारपत्रकात ‘पीटी’ची ओळ शून्य झाली का ते पाहायचं.