अल्गोरिदम (समाजमाध्यमांविषयीच्या बातम्यांतील अर्थ)

फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स अशा समाजमाध्यमांवर कोणाला कोणती पोस्ट आधी दिसावी आणि कोणती दिसूच नये, हे ठरवणाऱ्या यंत्रणेला बातम्यांत सरसकट दिले जाणारे नाव. गणितात व संगणकशास्त्रात अल्गोरिदम म्हणजे ठरावीक पायऱ्यांनी उत्तरापर्यंत नेणारी रीत. त्या अर्थाने, नवी पोस्ट वर आणि जुनी खाली एवढेच करणारा फीडही अल्गोरिदमनेच लागतो. बातमीत मात्र त्याला ‘अल्गोरिदम नसलेला’ म्हणतात. हा संकुचित अर्थ साधारणपणे २०१० नंतरच्या दशकात रुळला असावा. फेसबुकने पोस्टचा क्रम लावणाऱ्या ‘एजरँक’ या सूत्राची माहिती २०१० मध्ये दिली होती, तर ट्विटरने (आताचे एक्स) २०१६ मध्ये निव्वळ कालक्रम सोडला.

बातमीत ज्याला एकवचनी अल्गोरिदम म्हणतात, त्यात प्रत्यक्षात काय काय असते हे ट्विटरच्या उदाहरणावरून दिसते. कंपनीने ३१ मार्च २०२३ रोजी आपल्या यंत्रणेचा बराचसा कोड खुला केला आणि त्याला नावही `the-algorithm` असेच दिले. तेव्हाच्या या यंत्रणेत आधी सुमारे १,५०० पोस्ट निवडल्या जात. मग वाचक प्रत्येक पोस्टला लाइक करील, उत्तर देईल किंवा तिची तक्रार करील याची शक्यता एक प्रशिक्षित मॉडेल वर्तवत असे. त्या शक्यतांना ठरलेल्या भारांनी गुणून बेरीज केली जाई. त्या वेळी जाहीर झालेले भार असे होते: लाइक ०.५, उत्तर १३.५, तक्रार उणे ३६९. समजा, लाइकची शक्यता १० टक्के आणि उत्तराची २ टक्के आहे. लाइकचे ०.०५ आणि उत्तराचे ०.२७ मिळून ०.३२ होतात, म्हणजे उत्तर पाचपट कमी संभवनीय असूनही तेच पोस्टला वर नेते. तक्रारीची शक्यता हजारात एक धरली, तर ०.३६९ वजा होऊन पोस्ट शून्याखाली जाते. शेवटी एकाच लेखकाच्या पोस्ट सलग येऊ नयेत यासाठीच्या गाळण्या लागत.

यातील शक्यता मॉडेल शिकते, भार मात्र माणसे ठरवतात. ‘अल्गोरिदमने द्वेष पसरवला’ अशा मथळ्यात हा भेद पुसला जातो. मॉडेलच्या प्रशिक्षणाची विदा खुली झाली नव्हती, त्यामुळे कोड वाचून अमुक पोस्ट का दिसली हे बाहेरच्या माणसाला ताडून पाहता येत नव्हते. बातम्यांनी ‘अल्गोरिदम उघड’ असे लिहिले ते म्हणूनच अर्धेच खरे.

काही तज्ज्ञ शब्दाच्या मूळ तांत्रिक व्याख्येचा आग्रह धरतात. माध्यम-अभ्यासक टार्लटन गिलेस्पी यांच्या मते इथे एका भागाचे नाव कंपनी, विदा आणि माणसे मिळून झालेल्या साऱ्या व्यवस्थेला दिलेले असते. बातम्यांतील वापर पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यातील कलम २७ मध्ये ‘शिफारस प्रणाली’ हा शब्द योजला असून तिचे मुख्य निकष कंपनीने आपल्या अटींमध्ये सोप्या भाषेत द्यावेत असे बंधन घातले आहे.