चक्करेवरची गोळी आणि मंदावलेले हात

वय वाढते तशी माणसाची चाल सावकाश होते आणि बटणे लावायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीचा हात थरथरू लागला किंवा हालचाली मंदावल्या की ‘आता वय झाले’ असे म्हणून विषय सहज संपवला जातो. मात्र वयाचा मंदपणा आणि आजाराचा मंदपणा यांतला एक फरक पुष्कळदा साध्या डोळ्यांनीही दिसतो. अंगठा आणि तर्जनी यांची टोके शक्य तितकी लांब नेऊन पुन्हा जुळवायची, अशी उघडझाप दहा-पंधरा वेळा भरभर करायला सांगावी. केवळ वयामुळे मंदावलेला माणूस ती सुरुवातीपासूनच सावकाश करतो, पण बोटांमधले अंतर बहुधा शेवटपर्यंत सारखेच राहते. कंपवातासारख्या स्थितीत मात्र ते अंतर प्रत्येक फेरीत आक्रसत जाते, लय बिघडते आणि बोटे मध्येच अडतात. अक्षरांचेही तसेच होते. ओळ पुढे सरकते तशी ती बारीक होत जातात.

थरथरीची वेळही पाहावी लागते. कप धरताना किंवा लिहिताना दोन्ही हात थरथरतात आणि मांडीवर टेकवले की शांत होतात, तेव्हा तो बहुधा कंपवात नसतो. असा कंप अनेकदा आनुवंशिक असतो, कधी तो थायरॉइडच्या अतिस्रावामुळे, तर कधी दम्यावरच्या साल्ब्युटामॉलमुळे किंवा लिथियममुळेही होतो. कंपवातातला कंप याच्या उलट वागतो. हात निवांत असताना तो सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा हलतो आणि वस्तू उचलायला हात पुढे केला की निदान काही क्षण थांबतो.

पण कंपवाताची सगळी लक्षणे दिसली म्हणजे कंपवात झालाच, असे ठरत नाही, आणि खरी गफलत इथेच होते. हालचाली सहज होण्यासाठी मेंदूतल्या काही पेशी डोपामिन हे रसायन सोडतात आणि पुढच्या पेशींवरील ग्राहक ते टिपतात. कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच मरत जातात. काही औषधांमुळे मात्र डोपामिन पुरेसे असूनही ग्राहक अडवले जातात, आणि बाहेरून दिसणारा परिणाम जवळजवळ तोच असतो. हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोनसारख्या मानसिक आजारांवरील औषधांबद्दल हे डॉक्टरांच्या लगेच लक्षात येते. चक्करेवरची सिनारिझिन, फ्लुनारिझिन व प्रोक्लोरपेराझिन, मळमळीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि पोटाच्या तक्रारींसाठी दिली जाणारी लेव्होसल्पिराइड ही औषधेही ग्राहक अडवतात, हे मात्र सहज निसटून जाते. रुग्णाच्या मते ती ‘साधी गोळी’ असते, म्हणून विचारल्यावरही तिचा उल्लेख होत नाही.

उदाहरणादाखल एका 71 वर्षांच्या बाईंचा विचार करू. डोके गरगरते म्हणून त्यांना सिनारिझिन दिली गेली. गरगरणे थांबले, पण जुनी चिठ्ठी दाखवून गोळी आठ महिने चालूच राहिली. हळूहळू पावले लहान झाली, चालताना दोन्ही हात झुलेनासे झाले आणि चेहरा निर्विकार दिसू लागला. कंपवात समजून मेंदूत डोपामिनमध्ये बदलणारी लेव्होडोपा सुरू झाली, पण ग्राहकच अडलेले असल्याने तिचा फारसा उपयोग झाला नाही. उलट मळमळ सुरू झाली आणि तिच्यासाठी मेटोक्लोप्रमाइडची भर पडली, ज्यामुळे हालचाली आणखी जड झाल्या. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला गेला की औषधांची अशी साखळी तयार होते, आणि ती रुग्णाला विनाकारण अंथरुणाला खिळवू शकते.

पुढे घरातल्या सर्व गोळ्या पिशवीतून आणायला सांगितल्यावर उलगडा झाला. त्रास दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच होता, तर कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो. वास नीट येत होता; झोपेत स्वप्नांनुसार हातपाय झाडणे किंवा जुनी बद्धकोष्ठता, ही कंपवाताच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकणारी चिन्हेही नव्हती. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बंद करून लेव्होडोपाही हळूहळू कमी केली. पाच महिन्यांत चाल पूर्ववत झाली.

इतका वेळ लागणे स्वाभाविक आहे. गोळी थांबवल्यावर आठवड्याभरात फरक पडला नाही म्हणून औषधाला निर्दोष ठरवू नये. सुधारणेला कित्येक आठवड्यांपासून सहा महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. यातले एकेक चिन्हही पुरेसे नसते, कारण औषधाचा परिणाम कधी एकाच बाजूला जास्त दिसतो. काहींमध्ये औषध सुटूनही लक्षणे टिकतात किंवा वर्षा-दोन वर्षांनी परततात. त्यांच्या मेंदूत कंपवात आधीच मूळ धरून असतो आणि औषधाने तो फक्त लवकर उघड केलेला असतो. शंका उरली तर डोपामिन सोडणाऱ्या पेशींवरील डोपामिन-वाहकाचे विशेष स्कॅन करता येते. पेशी शाबूत असल्याने औषधजन्य त्रासात ते सहसा सामान्य येते, कंपवातात येत नाही. मानसिक आजाराचे किंवा फिट्सचे औषध मात्र संशय आला तरी स्वतःहून बंद करू नये, कारण मूळ आजार उसळण्याचा धोका असतो. तिथे डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा ज्याने असा त्रास कमी होतो असे दुसरे औषध निवडतात.